काविळीचा रिपोर्ट वाचताना

आज पाहिलेला रिपोर्ट: मुलगा 15 वर्षांचा, डोळे पिवळे, यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम एसजीपीटी 1800. हेपॅटायटिस ‘ए’ची टोटल अँटीबॉडी पॉझिटिव्ह, म्हणून घरच्यांनी ‘ए’चीच कावीळ धरली होती. पण टोटलमध्ये आयजीजी प्रकारची अँटीबॉडीही येते, आणि ती जुन्या संसर्गानंतर किंवा लसीनंतर वर्षानुवर्षं रक्तात राहते. ताज्या संसर्गासाठी आयजीएम बघायची. इथे ‘ए’ची आयजीएम निगेटिव्ह, ‘ई’ची ठळक पॉझिटिव्ह, म्हणजे ही कावीळ ‘ई’ची.

यकृत किती बिघडलंय, हे मात्र यातली एकही अँटीबॉडी सांगत नाही. त्यासाठी रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा पीटी-आयएनआर हवाच. तो 1.5 च्या वर गेला किंवा मूल गुंगीत असंबद्ध बोलू लागलं, तर ‘एसजीपीटी उतरतंय’ म्हणून घरी थांबू नका. त्याच दिवशी दाखल करा.