कान दुखत होता, पण सुरुवात नाकामागे झाली होती

संक्रांतीनंतरचा आठवडा होता. सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरली की माझ्या ओपीडीत सर्दीची पोरं वाढतात. पहाटेची थंडी, दुपारची धूळ आणि गर्दीत एकमेकांच्या तोंडावर येणारा खोकला, एवढं सर्दी पसरायला पुरतं. त्या सकाळी अक्कलकोट रोडकडच्या एका घरातून दोन जावा आपापलं बाळ घेऊन आल्या. सोबत आज्जी होत्या. दोन्ही बाळांची तक्रार एकच होती, कान ओढतो.

थोरल्या जावेचा मुलगा चौदा महिन्यांचा. बाई जागरणानं पार थकली होती. "मॅडम, दोन रात्री झाल्या, डोळ्याला डोळा नाही. खाली ठेवलं की किंचाळायलाय. खांद्यावर घेऊन फिरलं की जरा गप होतंय." सर्दी चार दिवसांपूर्वी सुरू झालेली. आधी नुसतं नाक वाहत होतं, खेळत होता, खात होता. तिसऱ्या रात्री ताप भरला आणि तेव्हापासून उजवा कान ओढणं सुरू झालं. मी विचारलं, दूध पितो का? अंगावर घेतलं की दोनचार घोट घेतो आणि तोंड काढून रडतो, असं तिनं सांगितलं.

नुसत्या कान ओढण्यावरून मी काहीच ठरवत नाही. मुलं झोप आली की कान ओढतात, दात येताना ओढतात, आणि कान सापडल्याचा आनंद म्हणूनही ओढतात. पण इथं बाकीच्या गोष्टी एका माळेत बसत होत्या. सर्दी सुरू होऊन दोनतीन दिवसांनी आलेला ताप, आडवं केलं की वाढणारं रडणं, उभं धरलं की थोडा आराम आणि गिळताना कळ. कानाच्या आत दाब वाढला की तो आडवं झाल्यावर जास्त जाणवतो. गिळताना कानाकडे जाणाऱ्या नळीचे स्नायू ओढले जातात आणि आतला दाब बदलतो, म्हणून बाळ भूक असूनही अंगावरून तोंड काढतं.

ताप १०२.८ निघाला. "औषध देतोय की, उतरतच नाही," आज्जी म्हणाल्या. बाटली बघितली. पाच मिलिलीटरमध्ये १२० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेलं साधं सिरप होतं आणि घरात दर वेळी दोन मिली दिलं जात होतं. बाळाचं वजन नऊ किलो. किलोला पंधरा मिलिग्रॅम धरलं तर एका वेळी साधारण १३५ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे या सिरपचं साडेपाच मिलीच्या आसपास. मिळत होतं ४८. ताप हटवादी नव्हता, डोसच तिसऱ्या हिश्शाचा होता. बाजारात याच औषधाची पाच मिलीत २५० मिलिग्रॅमची बाटलीही मिळते, ड्रॉप्स तर त्याहून तीव्र असतात. म्हणून "दोन मिली द्या" हे शेजारणीच्या बाळाला बरोबर असलं तरी आपल्या बाटलीला लागू पडेलच असं नाही.

कानात बघण्याआधी बाळाचे सगळे कपडे काढले. न थांबणाऱ्या रडण्याला कानच कारणीभूत आहे असं मानून चालत नाही. मान कडक नाही ना, टाळू फुगलेली नाही ना, जांघेत हर्नियाची गाठ नाही ना, बोटाला केस गुंडाळला गेलेला नाही ना, हे एकेक बघितलं. छाती मोकळी होती. मग कानाच्या तोंडाशी असलेली छोटी चिवट पाळी हलकेच दाबली. कानाच्या बाहेरच्या नळीला सूज असती तर तिथं हात लावताच बाळ उसळलं असतं. ते रडत होतं तसंच रडत राहिलं. म्हणजे दुखणं पडद्याच्या पलीकडं असण्याची शक्यता वाढली.

आईनं त्याला मांडीवर आडवं धरलं, एका हातानं डोकं छातीशी दाबलं, दुसऱ्या हातानं त्याचे हात. इतक्या लहान मुलाचा कान मागे आणि जरा खाली ओढावा लागतो, तेव्हा नळी सरळ होते. आत बघितलं तर नुसतं तेल. लसूण घालून कोमट केलेलं, आज्जींनी रात्री मायेनं सोडलेलं. ते तेल पडद्याच्या अलीकडंच थांबतं. पू साचलेला असतो पडद्याच्या पलीकडं. अखंड पडद्यातून तेल आत जात नाही, आणि पडद्याला भोक पडलेलं असेल तर ते आत जाणं धोक्याचं. शिवाय मला पडदा दिसत नाही तो वेगळाच त्रास. कापसाच्या बारीक वातीनं तेल टिपून काढायला बराच वेळ गेला.

मग पडदा दिसला. निरोगी पडदा मोतिया राखी रंगाचा, अर्धपारदर्शक असतो. त्यातून आतल्या हातोडीच्या हाडाचा दांडा दिसतो आणि कानात बघायच्या ऑटोस्कोपचा उजेड एका टोकाला त्रिकोणासारखा चमकतो. इथं यातलं काहीच नव्हतं. पडदा मेदुवड्यासारखा दिसत होता, कडेनं गोल टम्म फुगलेला आणि मधे, जिथं हाडाला चिकटलेला असतो तिथं, किंचित खोल. रंग लालसर पिवळा, कारण मागे पू होता. डावा पडदाही लाल होता, पण फुगलेला नव्हता आणि उजेडाचा त्रिकोण जागेवर होता. रडून रडून कुठल्याही बाळाचा पडदा लाल होतो. नुसत्या लालीवर निदान केलं तर निम्म्या रडक्या मुलांना विनाकारण अँटिबायोटिक जाईल. मला फुगवटा हवा असतो.

आज्जींना एकच प्रश्न पडला होता. "कानात पाणी गेलं नाही, वारं लागू दिलं नाही, टोपी घातली होती. मग कानात आलं कुठून?" मी कागदावर चित्र काढून दाखवलं. पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते, तिला मध्यकर्ण म्हणतात. तिथून एक नळी निघते आणि नाकाच्या मागं, घशाच्या वरच्या बाजूला उघडते. एरवी ती मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते, हवा आत जाते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा राहतो. मोठ्या माणसात ही नळी लांब, उतरती आणि टणक असते. बाळात ती आखूड, जवळजवळ आडवी आणि मऊ असते.

सर्दीनं नाकामागचं अस्तर सुजतं तसं या नळीचंही सुजतं आणि नळी बंद होते. पोकळीतली हवा हळूहळू आजूबाजूच्या रक्तात शोषली जाते, नवी येत नाही, म्हणून आत दाब कमी होतो. पडदा आत ओढला जातो, अस्तरातून पाणी झिरपतं. मधेच नळी जराशी उघडली की नाकामागचा शेंबूड त्या कमी दाबामुळं आत खेचला जातो, आणि त्याच्याबरोबर जंतूही. न्यूमोकोकस, हिमोफिलस, मोराक्सेला हे नेहमीचे तिघं पुष्कळ बाळांच्या नाकामागं एरवी शांत राहतात. बंद पोकळीतल्या पाण्यात मात्र ते भराभर वाढतात, पू होतो, दाब उलटा फिरतो आणि पडदा बाहेर फुगतो. सर्दीनंतर दोनतीन दिवस गेलेले असतात ते यातच. वारं बाहेरून लागत नाही, वाट आतूनच असते. आज्जी चित्राकडं बराच वेळ बघत राहिल्या.

बाळ दोन वर्षांच्या आतलं, पडदा स्पष्ट फुगलेला, ताप १०२.२ च्या वर. अशा वेळी वाट बघण्यात अर्थ नव्हता. हेच मूल तीन वर्षांचं असतं, ताप थोडा आणि दुखणं सौम्य असतं, तर फक्त वेदनाशामक देऊन दोनतीन दिवस थांबले असते, कारण अशी बरीच मुलं आपोआप बरी होतात. या बाळाला अ‍ॅमॉक्सिसिलिन दिलं, पाच मिलीत २०० मिलिग्रॅमच्या सिरपचं दहा मिली, सकाळ-संध्याकाळ, दहा दिवस. कान दुखतोय म्हणून मात्रा नेहमीपेक्षा जास्त असते, कारण औषधाला त्या बंद पोकळीत पुरेसं पोचायचं असतं. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत, पहिले दोन दिवस दर सहा तासांनी. दुखणं लगेच थांबवतं ते हेच, अँटिबायोटिकला एकदोन दिवस लागतात. कानात थेंब नाहीत. सर्दी सुकवणारं औषधही नाही, त्यानं कान लवकर बरा होत नाही. दूध पिण्याआधी नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, एवढंच.

रात्रीची बाटली तो झोपल्या झोपल्या पितो हे बोलण्यातून निघालं. आडव्या नळीत दूध मागं जायला ती उत्तम संधी असते, म्हणून डोकं उंच धरून पाजायला सांगितलं. आजोबा खोलीतच बिडी ओढतात हेही निघालं. धुरानं नाकामागचं अस्तर कायम सुजलेलं राहतं, त्यामुळं बिडी घराबाहेर. लसीचं कार्ड बघितलं तर न्यूमोकोकसच्या लसीचे सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचे डोस झाले होते, नवव्या महिन्याचा बूस्टर गावाला गेल्यानं राहिला होता. ताप गेल्यावर तो घ्यायला सांगितला. ही लस कान फुटण्याचे सगळे प्रकार रोखत नाही, पण त्यातला सगळ्यांत उग्र जंतू बराच आवरते.

घाबरायचं कधी, हे आईनं स्वतःच विचारलं. मी सांगितलं, कानातून पू आला आणि बाळ एकदम शांत झालं तर पडद्याला छोटं भोक पडून दाब मोकळा झालाय. मला दाखवा, पण बहुतेक वेळा ते भरून येतं. मात्र कानामागं सूज येऊन कान पुढं ढकलल्यासारखा दिसला, बाळ सुस्त पडलं, मान आखडली किंवा दोन दिवसांत ताप हललाच नाही, तर रात्र असली तरी थेट दवाखाना गाठा.

धाकट्या जावेचा मुलगा दहा महिन्यांचा. तोही कान ओढत होता, माझ्याकडं बघून हसतही होता. ताप नाही, सर्दी नाही, झोप नेहमीची. दोन्ही पडदे मोतिया, स्वच्छ. हिरडीला दोन दात टेकले होते. "एवढं आलोय तर काहीतरी लिहून द्या की ओ," ती म्हणाली. चुलत भावाला मिळालं आणि आपल्याला नाही, हे तिला पटत नव्हतं. मी ऑटोस्कोपमधून तिलाच बघायला लावलं. आधी तिच्या मुलाचा कान, मग जावेच्या मुलाचा. त्यानंतर तिनं औषध मागितलं नाही.

तिसऱ्या दिवशी थोरला आला तो झोप झालेला, ताप उतरलेला. शी पातळ होत होती, या औषधानं होते तेवढीच. आई औषध बंद करायच्या बेतात होती, तिला दहा दिवस पुरे करायला सांगितलं. महिन्यानं बघितलं तेव्हा पडद्याचा फुगवटा गेला होता, पण मागे पाणी होतं. हवेचा हलका झोत सोडला तरी पडदा हलत नव्हता. पू गेला तरी हे पाणी कित्येकदा आठवडेच्या आठवडे राहतं आणि त्या काळात मूल जरा कमी ऐकतं. मागून हाक मारली तर वळत नाही, असं आईच्याही लक्षात आलं होतं. त्याला आणखी अँटिबायोटिक लागत नाही, वाट बघावी लागते. तीन महिन्यांनंतरही राहिलं असतं तर ऐकण्याची तपासणी करून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडं पाठवलं असतं. एप्रिलमध्ये तो आला तेव्हा पडदा झोताबरोबर सहज हलला, आणि आज्जींनी दारातून हाक मारल्याबरोबर त्यानं मान फिरवली.