अपेक्षित निकालाचा रकाना आधी भरा

"मॅडम, प्रोग्राम तर नीट चालतो. मग रिपोर्टमध्ये डिझाइन, टेस्टिंग आणि लिमिटेशन्सखाली नेमकं लिहायचं काय?"

तोंडी परीक्षेला माझ्यासमोर येणाऱ्या बऱ्याच रिपोर्टांत डिझाइनखाली फ्लोचार्ट असतो, टेस्टिंगखाली आउटपुटचे स्क्रीनशॉट आणि लिमिटेशन्सखाली 'पुढे मोबाइल अ‍ॅप करता येईल' हे वाक्य. एवढं वाचून तुमच्या प्रोग्रामबद्दल मला काहीच कळत नाही. काय लिहायचं ते एका छोट्या प्रोजेक्टवरून सांगते. समजा, दिलेला मराठी मजकूर पॅलिंड्रोम आहे का, म्हणजे उलटा वाचला तरी तसाच राहतो का, हे पायथनमध्ये तपासायचं आहे.

पहिल्यांदा सुचतं ते `s == s[::-1]`. 'नमन', 'कनक', 'नयन' दिले की `True` येतं, त्याचे स्क्रीनशॉट निघतात आणि प्रोजेक्ट झाला असं वाटतं. आता 'नवजीवन' देऊन बघा. `False` येईल. पायथन अक्षरं उलटवत नाही, कोड पॉइंट उलटवतो. आपल्याला 'जी' हे एक अक्षर दिसतं, पण आत ज आणि वेलांटी हे दोन वेगळे कोड पॉइंट असतात, म्हणून `len("नवजीवन")` पाच नव्हे, ६ सांगतं. उलटवल्यावर ती वेलांटी शेजारच्या व ला चिकटते आणि 'नवीजवन' तयार होतं.

डिझाइनमध्ये लिहायचं ते हेच. या प्रोजेक्टचा खरा निर्णय एकच आहे: 'एक अक्षर' कशाला म्हणायचं? कोड पॉइंटला म्हटलं तर काय बिघडतं, ते 'नवजीवन'सह दोन ओळींत सांगा. मग तुम्ही निवडलेला मार्ग सांगा: `regex` लायब्ररीतला `\X` मात्रेसकट अक्षर एकत्र ठेवतो.

```python
import regex

def is_palindrome(s):
    a = regex.findall(r"\X", s.replace(" ", ""))
    return a == a[::-1]
```

नाकारलेला पर्याय आणि तो नाकारण्याचं कारण असेल, तर फ्लोचार्ट नसला तरी माझी हरकत नसते.

टेस्टच्या तक्त्यात इनपुट, अपेक्षित निकाल, मिळालेला निकाल आणि ही टेस्ट का घेतली, एवढे रकाने पुरतात. मात्र अपेक्षित निकाल प्रोग्राम चालवण्याआधी भरलेला हवा. नंतर भरला तर तो आउटपुटवरून उतरवला जातो आणि एकही टेस्ट नापास होत नाही. प्रत्येक ओळीने वेगळं काही तपासावं. 'नमन' बिनमात्रेचा आहे, 'नवजीवन' मात्रेचा, 'रामाला भाला मारा'मध्ये मोकळ्या जागाही आल्या. 'वाचन'ला `False` यायला हवं. अशी एकही ओळ नसेल तर नेहमी `True` म्हणणारा प्रोग्रामही पास होईल. रिकाम्या इनपुटला वरचा कोड `True` देतो. ते तुम्हाला मान्य आहे का, हेही आधीच ठरवा.

आता 'चिमा काय कामाची' घ्या. मराठी माणूस याला बेधडक पॅलिंड्रोम म्हणतो, म्हणून अपेक्षित निकाल `True`. प्रोग्राम मात्र `False` देतो, कारण पहिली चि ऱ्हस्व आणि शेवटची ची दीर्घ. इथे मुलं ही ओळ गाळतात किंवा अपेक्षित रकान्यात गुपचूप `False` करतात. असं करू नका. ओळ 'नापास' म्हणूनच राहू द्या, कारण लिमिटेशन्सचं पहिलं वाक्य तिच्यातूनच येतं: "ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटी प्रोग्राम वेगळी धरतो, त्यामुळे कानाला पॅलिंड्रोम वाटणारी काही वाक्यं नाकारली जातात (टेस्ट ६ पाहा)." दोन्ही वेलांट्या एकच मानून हे सुधारता येईल, पण मग 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक पुसला जाईल. हेही लिहा. तक्त्यातल्या ओळीकडे बोट दाखवता येत नसेल, तर ती मर्यादा बहुधा इकडूनतिकडून उचललेली असते.

दुसरी मर्यादा जोडाक्षरांची आहे. 'नक्षन' ही अर्थहीन अक्षरं मुद्दाम देऊन बघा. क्ष एक अक्षर धरलं तर `True`, 'क्' आणि 'ष' असं तुटलं तर `False`. देवनागरी जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, २०२३ मध्ये आला. तुमची लायब्ररी त्याआधीच्या नियमांवर चालत असेल तर क्ष तुटतो. म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर पास झालेली टेस्ट कॉलेजच्या लॅबमध्ये नापास होऊ शकते, आणि कोड तर एका अक्षरानेही बदललेला नसतो. म्हणून तक्त्याच्या वर पायथनची आवृत्ती लिहा आणि `pip show regex` जी आवृत्ती दाखवेल तीही. शक्य असेल तर लॅबच्या संगणकावर टेस्ट पुन्हा चालवून त्या निकालाचा वेगळा रकाना जोडा.