सोनाराआधी कान टोचणारा

गेल्या रविवारी भाचीचे कान टोचले. सोनाराने पाळीवर पेनाने ठिपके दिले, ती खुळखुळ्यात गुंतलेली असताना तार आरपार केली, आणि मग जो टाहो फुटला तो शेजारच्या दुकानापर्यंत गेला. ‘कान सोनारानेच टोचावेत’ म्हणतात, पण सुश्रुतसंहितेत हे काम वैद्याचं आहे. सूत्रस्थानाचा 16 वा अध्याय त्यानेच सुरू होतो. कारणं दोन दिलीत, रक्षण आणि भूषण. बाळाचं रक्षण आधी, नटणं मागून.

वय सहावा किंवा सातवा महिना, शुक्लपक्ष, चांगली तिथी, स्वस्तिवाचन. मग बाळाला दाईच्या मांडीवर बसवून खेळण्यांनी भुलवायचं. (खुळखुळा आमचा शोध नव्हे तर!) वैद्याने डाव्या हाताने पाळी ओढून उन्हात धरायची. जिथून ऊन आरपार दिसतं, ती जागा दैवानेच छिद्रासाठी ठेवलेली. तिथे उजव्या हाताने हळूच, सरळ टोचायचं. पाळी पातळ असेल तर सुई, जाड असेल तर आरी. मुलाचा आधी उजवा कान, मुलीचा डावा. मग कापसाची वात घालून वर कच्चं तेल.

जागा चुकली हे कळायचं कसं? रक्त फार आलं, दुखणं वाढलं, की चुकली. अडाणी माणसाने भलतीच शीर टोचली तर ताप, दाह, सूज. एका शिरेच्या बाबतीत तर मान ताठणं आणि झटके सांगितलेत. ते वाचताना मला धनुर्वातच आठवला. अशा वेळी वात लगेच काढायची. ज्येष्ठमध, एरंडमूळ, मंजिष्ठा, जव आणि तीळ यांचा लेप मध-तुपात कालवून लावायचा. कान पूर्ण भरला की पुन्हा टोचायचा, पहिल्यापासून. सगळं नीट असेल तर दर तीन दिवसांनी वात बदलून आधीपेक्षा जाड घालायची.

पुढे हौसेने छिद्र वाढवता वाढवता पाळी फाटायची. ती सांधायच्या 15 तऱ्हा याच अध्यायात आहेत. पाळी उरलीच नसेल तर गालाचं मांस एका बाजूने जोडलेलंच ठेवून सोलायचं आणि त्याची पाळी करायची. मुहूर्त पाहणाऱ्या त्याच वैद्याने हेही करायचं, हे मला फार आवडतं.

सांधलेल्या कानाला पथ्यही आहे: धक्का लागू द्यायचा नाही, दिवसा झोप नाही, व्यायाम नाही, पोटाला तडस लागेल असं जेवण नाही, स्त्रीसंग नाही, विस्तवाजवळ बसणं नाही आणि फार बोलणं नाही.

यादी आईला वाचून दाखवली, अर्थात एक कलम गाळून. ती म्हणाली, “दुपारची झोप नाही आणि बोलायचं नाही? आपल्याकडे कुणाचा कान सांधलाच नसता.”