असल्यास

कंपनीच्या वतीने ग्राहकांना जे काही कळवले जाते, त्याचा मजकूर लिहिणे हे माझे काम आहे. तिकीट आरक्षणाच्या अ‍ॅपमध्ये हे काम एरवी फारसे डोकेदुखीचे नसते. तिकीट निश्चित झाले, वेळ बदलली, आसन क्रमांक अमुक, इतकेच सांगायचे असते आणि ते वाचणाराही अर्धेच वाचतो. एका रात्री मात्र सर्व्हर 41 मिनिटे बंद पडला, लोकांचे पैसे गेले आणि तिकिटे मिळाली नाहीत, तेव्हा क्षमायाचनेचे तीन वाक्यांचे निवेदन लिहायला मला जवळजवळ पहाट झाली. त्या तीन वाक्यांतल्या एका शब्दाने मला जितके छळले, तितके आजवर दुसऱ्या कोणत्याही शब्दाने छळलेले नाही.

माझा पहिला मसुदा असा होता: ‘काही तांत्रिक कारणांमुळे आमची सेवा काही काळ खंडित झाली होती. आपल्या खात्यातून पैसे कापले गेले असल्यास ते परत केले जातील. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ असे निवेदन हात आपोआप लिहून मोकळा होतो. लिहून झाल्यावर मी ते पुन्हा वाचले आणि लक्षात आले की पहिल्या दोन वाक्यांत कर्ताच नाही. सेवा खंडित झाली, पैसे कापले गेले, परत केले जातील. करणारा कोणीच नाही, जणू हे सारे पावसासारखे वरून पडले. ‘आम्ही’ उगवतो तो शेवटच्या वाक्यात, आणि तिथेही तो काही करत नाही, नुसता दिलगीर असतो. दिलगिरी व्यक्त करता येते, त्यासाठी समोर कोणी असण्याची गरज नसते. माफी मात्र मागावी लागते आणि मागितलेली गोष्ट नाकारली जाऊ शकते. कार्यालयीन भाषेला दिलगिरी इतकी का आवडते, हे मला त्या रात्री नीट उमगले.

मग काय घडले ते मी विचारायला गेले. डेटाबेस सांभाळणारे आमचे सहकारी पडद्यावरच्या नोंदी वर सरकवत बसले होते. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले. ती ओळ अशी होती:

```
FATAL:  sorry, too many clients already
```

‘बघा, तुमच्याआधी यानेच माफी मागितली आहे,’ ते म्हणाले. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस आहे आणि जास्तीच्या जोडण्या नाकारताना तो खरोखरच असे बोलतो. मूळ मांडणीत त्याच्या जोडण्यांची मर्यादा 100 असते. आम्ही ती कधी बदललीच नव्हती. आमचे पाच सर्व्हर प्रत्येकी 15 जोडण्या धरून ठेवत, म्हणजे एकूण 75, आणि यात वर्षानुवर्षे काही बिघडले नव्हते. त्या संध्याकाळी आरक्षण खुले होताच गर्दी वाढली. गर्दी वाढली की आपोआप नवे सर्व्हर सुरू व्हावेत, अशी सोय आम्हीच करून ठेवली होती, त्याप्रमाणे आणखी तीन सर्व्हर मदतीला आले आणि प्रत्येकाने 15 जोडण्या मागितल्या. आठ गुणिले पंधरा म्हणजे 120. मदतीला आलेल्यांनीच दार अडवले. डेटाबेस शाबूत होता, त्यात एकही नोंद पुसली गेली नव्हती. त्याच्यापर्यंत कोणी पोहोचू शकत नव्हते, एवढेच. ‘काही तांत्रिक कारणांमुळे’ या तीन शब्दांच्या जागी ‘गर्दीच्या वेळी आमच्या यंत्रणेची क्षमता किती लागेल, याचा आमचा अंदाज चुकला’ असे लिहिणे शक्य होते, आणि त्यातला एकही शब्द वाचकाला जड गेला नसता. मी तसे लिहिले. वाक्याला कर्ता मिळाला.

अवघड भाग यापुढे होता. सर्व्हर बंद पडला तर तिकीट मिळणार नाही, हे कोणालाही समजते. परंतु पैसे का जावेत? त्याचे कारण असे की पैसे आमच्या सर्व्हरवरून जातच नाहीत. आपण आसन निवडता, आम्ही ते आपल्यासाठी दहा मिनिटे राखून ठेवतो आणि आपल्याला पेमेंट गेटवेच्या हवाली करतो. गेटवे आपल्या बँकेशी बोलतो, बँक होकार देते, आणि मग गेटवे आमच्या सर्व्हरला निरोप धाडतो की या आरक्षणाचे पैसे मिळाले, आता तिकीट द्या. त्या 41 मिनिटांत हा निरोप घेऊन गेटवे आमच्या दारात आला तेव्हा आत कोणी ओ देत नव्हते. चांगला गेटवे अशा वेळी हार मानत नाही. थोडा थांबून पुन्हा येतो, मग आणखी थोडा जास्त थांबून पुन्हा येतो. तोपर्यंत आमची दहा मिनिटे संपून गेली होती. आसने राखणारी यंत्रणा डेटाबेसवर अवलंबून नव्हती, ती इमानेइतबारे चालू होती, आणि तिने आसने मोकळी करून टाकली. सर्व्हर उठून उभा राहिल्यावर साठलेले निरोप एकदम आत आले. ज्यांची आसने अजून रिकामी होती त्यांना उशिरा का होईना तिकिटे मिळाली, आणि उरलेल्यांचे पैसे आले तेव्हा त्यांच्या आसनावर दुसऱ्याचे नाव लागले होते.

या सगळ्यात आमच्याकडून घडलेला खरा गुन्हा सर्व्हर बंद पडण्याचा नव्हता, असे माझे मत आहे. तो अ‍ॅपच्या पडद्यावर होता. उत्तर यायला वेळ लागला की आमचा अ‍ॅप 30 सेकंद वाट पाहून लाल अक्षरांत लिहीत असे: ‘पेमेंट अयशस्वी झाले. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’ हे धादांत खोटे होते. उत्तर न येणे म्हणजे नकार नव्हे. पैसे गेले की नाही हे आम्हाला ठाऊक नाही, इतकाच त्याचा अर्थ असतो. अज्ञानाला आम्ही अपयश म्हटले आणि वर लोकांना पुन्हा पैसे भरायला सांगितले. लोकांनी आमचे ऐकले. काहींनी दोनदा, काहींनी तीनदा पैसे भरले. एकाच व्यवहाराची दुसरी खेप ओळखता यावी म्हणून गेटवेला प्रत्येक मागणीसोबत `Idempotency-Key` नावाची एक खूण पाठवता येते. तीच खूण पुन्हा आली की तो दुसऱ्यांदा पैसे घेत नाही. आम्ही ती पाठवतही होतो. पण माणूस गोंधळून मागे गेला आणि त्याने पहिल्यापासून आरक्षण सुरू केले की नवे आरक्षण, नवा क्रमांक, नवी खूण; गेटवेच्या दृष्टीने ती सरळ दुसरी खरेदी. लाल अक्षरे पाहून कोणीही मागेच जातो. हा मजकूर कोणी लिहिला होता, हे विचारायची मला गरज नव्हती. तो मीच लिहिला होता, तीन वर्षांपूर्वी, दुपारच्या जेवणाआधी, घाईत.

मग उरला तो दुसऱ्या वाक्यातला शब्द. ‘पैसे कापले गेले असल्यास.’ हा शब्द सभ्य दिसतो, पण त्याचा खरा अर्थ असा की तुमचे पैसे गेले का, हे आम्ही पाहिलेले नाही; तुम्हीच खाते तपासा आणि तक्रार असेल तर या. मी हिशेब विभागातल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘असल्यास कशाला? गेटवेची यादी माझ्याकडे आहे, तिकिटांची यादी तुमच्याकडे आहे. दोन्ही समोरासमोर लावल्या की नाव आणि रक्कम सगळे कळेल. मला सकाळपर्यंत वेळ द्या.’ त्यांनी तो ताळमेळ घातला. गेटवेच्या बाजूला नोंद आहे पण आमच्या बाजूला तिकीट नाही, असे 744 व्यवहार निघाले.

त्या 744 मध्ये सगळे सारखे नव्हते, आणि इथे मला लोकांच्या बोलीची कमाल वाटली. रात्रभर आलेल्या तक्रारींत काही जण ‘पैसे गेले’ म्हणत होते आणि काही जण ‘पैसे अडकले’ म्हणत होते. आम्ही कार्यालयात दोन्हींना ‘रिफंड’ म्हणतो. परंतु कार्डाने पैसे भरले की बँक आधी फक्त ती रक्कम बाजूला धरून ठेवते. ती आमच्याकडे येते ती आम्ही तिकीट दिल्यावर मागणी केली तरच. 512 जणांचे पैसे असे नुसते धरलेले होते. ते खर्चता येत नव्हते, पण आमच्याकडेही आलेले नव्हते. जे घेतलेच नाही ते परत कसे करणार? आम्ही एवढेच करू शकत होतो की बँकेला ‘आमचा दावा नाही, सोडून द्या’ असा निरोप पाठवायचा. पुढे ती रक्कम किती लवकर मोकळी दिसेल, हे त्या त्या बँकेवर अवलंबून असते. म्हणजे ‘अडकले’ हा शब्द तंतोतंत बरोबर होता. थेट खात्यातून पैसे भरलेल्या 225 जणांचे पैसे मात्र खरोखर आमच्याकडे आले होते, म्हणजे ‘गेले’ होते, आणि ते आम्हालाच परत पाठवायचे होते.

पैसे परत पाठवण्याआधी डेटाबेसवाल्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करायला लावली, जी मला सुचली नसती. गेटवेचे उशिरा येणारे निरोप अजून पूर्ण थांबले नव्हते. एकीकडे आम्ही पैसे परत करायचे आणि दुसरीकडे उशिराच्या निरोपावरून त्याच माणसाला तिकीट निघायचे, असा घोळ झाला असता. म्हणून आधी त्या 744 क्रमांकांवर तिकीट निघणे बंद केले, मगच पैशांना हात लावला.

रात्री एकच लहान निवेदन गेले: चूक आमची आहे, पुन्हा पैसे भरू नका, उद्या दुपारी बारापर्यंत प्रत्येकाला त्याच्या व्यवहाराबद्दल स्वतंत्रपणे कळवू, आपण तक्रार करण्याची गरज नाही. ‘गैरसोय’ हा शब्द मी काढून टाकला, कारण मोक्याचे आसन हातचे जाणे ही गैरसोय नसते, ते नुकसान असते. विधी विभागाने ‘चूक’ या शब्दाला हरकत घेतली आणि त्यावर अर्धा तास वाद झाला; शेवटी तो राहिला, पण ‘नुकसान’ मात्र मला वाचवता आला नाही. त्या जागी ‘त्रास’ आला. सकाळी दोन प्रकारची पत्रे गेली. एकात लिहिले होते, ‘आपली अमुक रक्कम आपल्या बँकेने धरून ठेवलेली आहे, ती आमच्याकडे आलेली नाही, आम्ही ती सोडण्यास कळवले आहे.’ दुसऱ्यात, ‘आम्ही आपल्याकडून अमुक रक्कम घेतली आणि आपल्याला तिकीट दिले नाही. ही रक्कम आज परत पाठवली आहे.’ सोबत बँकेत दाखवता येईल असा संदर्भ क्रमांक होता. ज्यांनी दोनदा पैसे भरले, त्यांना दोन्ही नोंदी एकाच पत्रात दाखवल्या.

512 आणि 225 मिळून 737 होतात. उरलेल्या सात व्यवहारांपुढे गेटवेच्या यादीत ‘प्रलंबित’ असे लिहिलेले होते. बँकेने हो म्हटले नव्हते आणि नाहीही म्हटले नव्हते. हिशेबाच्या बाईंनी दोनदा विचारणा केली, तरी दुपारी बारापर्यंत उत्तर आले नाही. शब्द दिलेला असल्याने त्या सात जणांनाही लिहिणे भाग होते. मी त्यांना लिहिले की आपले पैसे गेले आहेत की नाही हे आम्हाला अद्याप कळलेले नाही, आम्ही रोज विचारत आहोत, आणि ते गेले असल्यास परत पाठवू.

चौथ्या दिवशी सातापैकी सहा जणांचा निकाल लागला. सातव्या माणसाने मात्र मध्येच उत्तर पाठवून ठेवले होते: ‘माझे खाते मी पाहिले आहे. पैसे गेलेले नाहीत. विचारणे थांबवले तरी चालेल.’ आम्ही बँकेचे उत्तर येईपर्यंत विचारत राहिलो. त्याचे म्हणणे बरोबर होते.