तीस उत्तरपत्रिका, तीन तास

घटक चाचणीच्या तीस उत्तरपत्रिका तपासायला मला नेहमी अख्खा रविवार लागतो, कारण अख्खा रविवार हाताशी असतो. आज मात्र आधी पाच उत्तरपत्रिका घड्याळ लावून तपासल्या. प्रत्येकीला साधारण पाच मिनिटे लागली. म्हणून उरलेल्या पंचवीस उत्तरपत्रिकांचे पाच गठ्ठे केले, प्रत्येक गठ्ठ्याला तीस मिनिटांचा गजर लावला आणि मध्ये पाच मिनिटे उठायचे ठरवले.

दुसऱ्याच गठ्ठ्यात एका निबंधावर मी अडकले. गुण सहा द्यावेत की सात, या विचारात अकरा मिनिटे गेली आणि गजर झाला तेव्हा दोन उत्तरपत्रिका बाकी होत्या. वेळ वाढवण्याचा मोह आवरून मी तिथे पेन्सिलीने खूण केली, ती आणि बाकीच्या दोन अशा तिन्ही उत्तरपत्रिका शेवटच्या गठ्ठ्यानंतरसाठी बाजूला ठेवल्या आणि पुढे गेले. शेवटी तोच निबंध चार मिनिटांत सुटला, कारण तोवर इतर सगळ्या मुलांचे निबंध वाचून झाले होते.

घाईत गुण चुकले नाहीत ना, हे पाहण्यासाठी पाच उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या. एका ठिकाणी अर्ध्या गुणाचा फरक निघाला, तो दुरुस्त केला. प्रश्नपत्रिका काढण्याच्या कामाला मात्र मी असा गजर लावणार नाही, कारण तिथे किती वेळ लागेल हे आधी मोजताच येत नाही.