मामाच्या पाटीचा टायमर आणि मॅन्युअलचं पीडीएफ

सोलापुरात नवी पेठेजवळ मामाचं चादरींचं दुकान आहे. पाटीचे दिवे संध्याकाळी आपोआप लागावेत म्हणून इलेक्ट्रिशियनने मीटरशेजारी छोटा डिजिटल टायमर बसवून दिला, आणि मॅन्युअलचं पीडीएफ मोबाईलवर टाकून तो गेला. मामाने ते मला पाठवलं, खाली एवढंच लिहिलं: "हे कसं करायचं बे?" मी फोन केला तेव्हा खरी तक्रार कळली. दुकान मंगळवारी बंद असतं, तरी पाटी दिवसभर जळत होती.

पीडीएफमध्ये सर्च करून काहीच सापडेना. एका शब्दावर बोट दाबून धरलं तरी तो निवडला जाईना, म्हणजे पानं स्कॅन केलेली होती, सगळे फोटोच. अशा वेळी पानं चाळण्याला पर्याय नसतो. एकाच फाईलमध्ये तीन-चार मॉडेलही कोंबलेली होती. मामाला टायमरच्या बाजूच्या लेबलचा फोटो काढायला लावला, त्यावरचा नंबर आणि बटणांचं चित्र जुळवलं, तेव्हा कुठे आपली पानं कोणती ते ठरलं. हे आधी केलेलं बरं, कारण शेजारच्या मॉडेलमध्ये त्याच बटणाचं काम वेगळं असू शकतं.

घड्याळ लावणं सोपं होतं. घड्याळाचं चित्र असलेलं बटण दाबून धरायचं आणि तसंच D+, H+, M+ दाबून वार, तास, मिनिटं बसवायची. वेळ २४ तासांची, म्हणजे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे 18:30. P दाबलं की 1 ON, पुन्हा दाबलं की 1 OFF, मग 2 ON, असा क्रम. इथवर मामाने स्वतःच केलं होतं.

अडलं ते वारांपाशी. मंगळवार सोडून बाकी सहा दिवस, असा पर्यायच टायमरमध्ये नव्हता. D+ दाबत गेलं की ठरलेले गट फिरतात: सातही दिवस, एकेक वार, सोम ते शुक्र, सोम ते शनि, शनि-रवि, सोम-बुध-शुक्र वगैरे. रविवारची सुट्टी असती तर सोम ते शनि चाललं असतं. मंगळवारसाठी जोडणी करावी लागली: 1 ON ला MO WE FR, 2 ON ला TH, 3 ON ला SA SU, आणि वेळ तिन्हीकडे 18:30.

बंद करायची वेळ 22:30. इथे मी गट वापरलेच नाहीत. 1 OFF ला सातही दिवस दिले आणि 2 OFF, 3 OFF हे C/R दाबून --:-- करून रिकामे ठेवले. दिवे आधीच बंद असतील तर बंदचा आदेश पुन्हा आल्याने काही बिघडत नाही, पण कधी चालू राहून गेले तर त्या रात्री तरी विझतात.

मंगळवारचं कोडं मात्र शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरातल्या टिपेत सुटलं. MANUAL बटणाने ON, AUTO, OFF अशी स्थिती बदलते. AUTO वर आणलं म्हणून टायमर 'आत्ता दिवे असायला हवेत का' असा हिशेब करत नाही. आधीची स्थिती तशीच ठेवतो आणि पुढच्या ठरलेल्या वेळेलाच हलतो. सोमवारी गिऱ्हाईक उशिरापर्यंत असलं की मामा ON करायचा आणि कुलूप लावताना सरळ AUTO. साडेदहा तर होऊन गेलेले! त्याच्या जुन्या सेटिंगमध्ये मंगळवारी OFF चा प्रोग्रामच नव्हता, म्हणून पाटी बुधवारी रात्रीपर्यंत जळत राहायची. दोष टायमरचा नव्हता. एवढी महत्त्वाची ओळ इतक्या मागे ढकलणाऱ्याला काय म्हणावं?

मी मामाला पूर्ण पीडीएफ वाच म्हटलं नाही. लेबलच्या फोटोवर बाण काढून दोनच ओळी पाठवल्या: "उशीर झाला तर MANUAL दाबून ON. दुकान बंद करताना आधी OFF वर आण, मग AUTO वर, आणि पाटी विझली का ते बघूनच शटर ओढ."

"आणि गड्ड्याच्या वेळी?" त्याने विचारलं. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत दुकान रात्री उशिरापर्यंत चालू असतं. तेवढ्यापुरती 1 OFF ची वेळ 23:30 कर म्हटलं, बाकी कशाला हात लावू नकोस. रोज ON-OFF करत बसण्यापेक्षा ते बरं.

लाईट गेल्यावर सगळं पुन्हा बसवावं लागेल का, हीही त्याला काळजी होती. आत छोटी बॅटरी असते, ती घड्याळ आणि प्रोग्राम धरून ठेवते. थोडा वेळ लाईट गेली तरी घड्याळ मागे पडायला लागलं किंवा वेळ पुसली गेली, तर बॅटरी संपत आली समजायचं.