दोन गिरक्यांपर्यंत: अंतर, मनगट आणि कुऱ्हाडीची मूठ

यावलकडच्या मळ्यात लाकडी लक्ष्यावर चाकू आणि कुऱ्हाड फेकण्याचा माझा सराव आता एका टप्प्यावर आलाय. हवेत एक पूर्ण गिरकी घेऊन चाकू भरवशाने रुततो, कुऱ्हाडही बसू लागली आहे, आणि सध्या दोन गिरक्यांवर काम चालू आहे. या काळात एक गोष्ट मला पक्की पटली. तीच सविस्तर लिहितो, कारण नवीन मंडळी सगळ्यात जास्त इथेच अडकतात: चाकू किती अंतरात एक गिरकी पूर्ण करतो, हे जोरावर ठरत नाही.

बघायला आलेला प्रत्येक जण हेच म्हणतो, "जरा जोरमा फेक ना भो!" चाकू आपटून खाली पडला की जोर कमी पडला असंच वाटतं. पण मनगट ताठ असेल तर हात, मूठ आणि चाकू मिळून कोपराभोवती एकसंध फिरतात. हात दुप्पट वेगाने फिरवला तर चाकू दुप्पट वेगाने पुढे जातो, आणि सुटताना त्याची गिरकीही दुप्पट वेगाची होते. दोन्ही एकाच मापाने वाढल्यामुळे एका गिरकीला लागणारं अंतर तेवढंच राहतं. ते 2πR इतकं येतं. R म्हणजे ज्या बिंदूभोवती हात फिरतोय तिथपासून चाकूच्या मध्यापर्यंतचं अंतर.

हे फोनच्या स्लो मोशनवर तपासून पाहिलं. सेकंदाला 240 फ्रेम. सावकाश फेकीत हातातून सुटल्यापासून रुतेपर्यंत साधारण 80 फ्रेम लागल्या, जोरदार फेकीत 55 च्या आसपास. गिरकी दोन्हींत एकच. फरक पडला तो उंचीत. सावकाश फेकलेला चाकू वीतभराहून थोडा जास्त खाली लागला, कारण त्याला हवेत जास्त वेळ मिळाला. म्हणजे जोर बदलला तर नेम वर-खाली करावा लागतो, उभं राहायची जागा बदलावी लागत नाही.

माझा चाकू 30 सेंमीचा आहे, तोल बरोबर मध्यावर. गावातल्या लोहारदादांनी ट्रकच्या कमानपाट्यातून बनवून दिला. धार मुद्दाम बोथट ठेवलीय, टोक तेवढं अणकुचीदार. पाणी हलकं दिलंय, म्हणजे आपटला तर वाकेल पण तुटून तुकडा उडणार नाही. मूठ धरून फेकताना एका गिरकीची जागा मिळाली ती पायाच्या अंगठ्यापासून लक्ष्यापर्यंत 3.3 मीटरवर, आणि दोन गिरक्यांची 6.3 वर. दोन जागांमधलं अंतर 3 मीटर, म्हणून R आला 48 सेंमी. कोपरापासून चाकूच्या मध्यापर्यंत टेप लावली तर माप याहून थोडं कमी भरतं. उरलेला फरक खांद्याचा. फेकताना खांदा पुढे सरकतो, त्यामुळे चाकूला गिरकी न वाढता नुसता वेग मिळतो आणि गिरकी लांबते. मनगटाचा झटका याच्या नेमका उलट वागतो. त्याने गिरकी वाढते, वेग फारसा वाढत नाही, आणि जागा जवळ येते. झटका प्रत्येक वेळी सारखा बसत नाही, म्हणून मी मनगट पूर्ण बंद ठेवतो.

मोजताना एक काळजी घ्या. एका गिरकीच्या जागेचा आकडा एकटा घेऊन R काढू नका. चाकू सुटतो तेव्हा हात अंगठ्याच्या बराच पुढे असतो आणि चाकूचा कोनही आधीच थोडा वळलेला असतो. दोन जागांची वजाबाकी केली की हे सगळं आपोआप गळून पडतं.

जागा चुकली हे लक्ष्यात रुतलेला चाकूच सांगतो. वरून फेकलेल्या चाकूचं टोक वरून पुढे आणि मग खाली असं फिरतं. म्हणून मूठ वर आणि टोक खाली असं रुतलं असेल तर गिरकी जास्त झाली, अर्धं पाऊल पुढे या. मूठ खाली लोंबत असेल तर गिरकी अपुरी, मागे जा. 3 मीटरला 360 अंश म्हणजे सेंटिमीटरला सव्वा अंशाच्या आसपास. माझा चाकू साधारण 30 अंशांपर्यंत तिरपा असला तरी धरून राहतो, म्हणजे मागे-पुढे 25 सेंमीची मुभा मिळते. एका गिरकीवर ही चैन आहे. दोन गिरक्यांवर मात्र हात 5 टक्के जरी बदलला तरी 36 अंशांचा फरक पडतो आणि चाकू पडतो. त्यामुळे लांबच्या अंतरावर मी जागा शोधण्यापेक्षा हात तोच ठेवण्यावर वेळ घालवतोय.

हे वाचन लक्ष्य चांगलं असेल तरच खरं. वखारीतून आंब्याच्या ओंडक्याच्या चकत्या आणल्यात, वीतभर जाड, आडव्या छेदाच्या, म्हणजे तंतूंची टोकं आपल्याकडे. पातं तंतूंमधून शिरतं आणि ते फाकून पुन्हा मिटतात. बाभूळ घेऊ नका, फार कठीण. केळीचा खांब इथे फुकट मिळतो, पण त्यात वेडावाकडा चाकूही घुसतो, मग कोनावरून काहीच कळत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चकती दोन दिवसांत सुकून तडकते आणि बरोबर कोनात आलेला चाकूही परत उडवते. म्हणून रात्री ओलं गोणपाट गुंडाळून ठेवतो. चाकू उलट उडाला तर रेषेपर्यंत येऊ शकतो, तेव्हा बघणाऱ्यांना फेकणाऱ्याच्या बरंच मागे उभं करा.

आता कुऱ्हाड. तिचं वजन डोक्यात, मुठीपासून दूर, म्हणून R मोठा आणि गिरकी लांब. माझ्या छोट्या कुऱ्हाडीची एक गिरकी अंगठ्यापासून 3.9 मीटरवर बसते. पण वर्ल्ड ॲक्स थ्रोइंग लीगच्या हॅचेट म्हणजे छोट्या कुऱ्हाडीच्या प्रकारात रेषा 12 फुटांवर असते, म्हणजे 3.66 मीटर, आणि तिच्या पुढे पाय टाकता येत नाही. सवय त्याच रेषेची व्हावी म्हणून तिथूनच फेकायचं ठरवलं. तिथून दांड्याचं टोक आधी लाकडाला आपटायचं, म्हणजे गिरकी अपुरी. मागे सरकणं हा एक मार्ग होता, तो नको होता. मग मूठ वर सरकवली. मूठ 4 सेंमी वर घेतली की R जवळपास तेवढाच कमी होतो, आणि 2 × 3.14 × 4 म्हणजे गिरकी 25 सेंमीने आखूड होते. मला 24 हवे होते. दांड्यावर तिथे सुतळीचे दोन वेढे बांधले, करंगळी त्याला टेकवून धरली, आणि धार सरळ लाकडात बसू लागली. वेढ्याच्या बोटभर वर धरलं की उलट होतं, डोक्याचा वरचा कोपरा आधी लागतो. तिथे गिरकी जास्त झालेली असते.

पुढचा प्रयोग पात्याकडून धरून फेकण्याचा. चाकू मध्यावर तोललेला असल्यामुळे R तोच राहायला हवा, फक्त गिरक्या अर्ध्या पटीत मोजायच्या. या हिशोबाने दीड गिरकीची जागा 4.8 मीटरच्या आसपास यावी. तिथे खडूने रेषा मारून ठेवलीय. ज्यांचा चाकू टोकाकडे जड आहे त्यांनी दोन्ही बाजूंनी धरून आपापल्या जागा मोजून कळवा. पातं धरल्यावर वजन हाताच्या जवळ येतं, म्हणजे त्यांची गिरकी मूठ धरून फेकल्यापेक्षा आखूड निघायला हवी.